तेल पुसलेला बोळा रात्री आपोआप पेटतो: या चुका टाळा

दाराला जवसाचं तेल लावून झालं की सुतार तेलकट चिंध्यांचे बोळे करून कोपऱ्यातल्या भुश्यावर टाकतो आणि शटर ओढून घरी जातो. विडी नाही, ठिणगी नाही, तरी रात्री तिथूनच धूर निघू शकतो.

जवसाचं तेल उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घट्ट होतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. दारावरच्या पातळ थरातली उष्णता लगेच हवेत जाते. बोळ्यात मात्र तेल हजारो धाग्यांवर पसरलेलं असतं, म्हणून त्याला हवा भरपूर मिळते आणि घड्यांमुळे ऊब आतच कोंडते. ऊब वाढली की वाळण्याचा वेगही वाढतो. काही तासांत आतला कापूस धुमसायला लागतो. ‘डबल बॉइल्ड’ तेलात लवकर वाळवणारी द्रव्यं असल्याने ते आणखी जपून हाताळावं.

फिलाडेल्फियातल्या ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीत २३ फेब्रुवारी १९९१ रोजी हेच घडलं. लाकडी भिंतीच्या फळ्या पॉलिश करणाऱ्यांनी जवसाच्या तेलाच्या चिंध्या २२ व्या मजल्यावर ठेवल्या होत्या. शनिवारी रात्री त्या पेटल्या. तीन अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. आग थांबली ती ३० व्या मजल्यावर, तिथे स्प्रिंकलर होते म्हणून.

सगळीच तेलं अशी वागत नाहीत, आणि इथेच गफलत होते. इंजिन ऑइलची चिंधी सहसा आपोआप तापत नाही, पण ठिणगीने पेटते. ऑइल पेंट, एनॅमल, वार्निश आणि जवसाचं तेल असलेलं वुड ऑइल यांच्या चिंध्या मात्र धोक्याच्या. ‘आमच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं चिंध्या पडून आहेत’ असं म्हणणाऱ्याच्या चिंध्या बहुधा इंजिन ऑइलच्या असतात. त्या अनुभवावर जवसाचं तेल तोलू नका.

काम संपताच प्रत्येक चिंधी उलगडून, एकेरी, सावलीत, उघड्यावर तारेवर वाळत घाला किंवा सिमेंटवर पसरा. एकावर एक नको. पापडासारखी कडक झाली की टाकायला हरकत नाही. तेवढी जागा नसेल तर पत्र्याच्या डब्यात पाणी भरून चिंध्या पूर्ण बुडवा आणि झाकण लावा. नुसता कोरडा प्लास्टिकचा डबा चालत नाही, तो आतली ऊब धरून ठेवतो आणि स्वतःही जळतो.

बोळा हाताला कोमट लागला किंवा करपट, झोंबणारा वास आला, तर तो उलगडून पाहू नका. हवा मिळताच ज्वाळा उठू शकते. लांब चिमट्याने उचलून पाण्याच्या बादलीत टाका. धूर दिसत असेल, तर बाहेर पडून १०१ ला फोन करा.

घासकामाच्या यंत्राची धूळपिशवी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. नुकतंच तेल लावलेलं लाकूड घासल्यावर तिच्यात तेलकट भुसा साचतो. ती त्याच दिवशी बाहेर रिकामी करा आणि भुसाही पाण्यात भिजवा.