एटीएम कार्डाचा फोटो गॅलरीत ठेवताय? या चुका टाळा

राळेगावकडच्या एखाद्या घरात कापसाचे पैसे खात्यात आले की घरातलंच कुणीतरी म्हणतं, "भाऊ, कार्डाचा फोटो काढून ठेव ना, हरवलं त काम पडते." सल्ला काळजीपोटीच दिलेला असतो. मग कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो निघतात, नेट बँकिंगच्या पासवर्डचा स्क्रीनशॉट निघतो, आणि हे सगळं पोळ्याच्या फोटोंमध्ये जाऊन बसतं.

पहिली चूक म्हणजे फोटो फक्त आपल्या मोबाईलमध्येच आहे असं समजणं. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये गुगल फोटोज असतं आणि बॅकअप चालू असला की फोटो गुगल खात्यावरही चढतो. आपल्याकडे ते खातं अनेकदा मोबाईलच्या दुकानदारानेच उघडून दिलेलं असतं, पासवर्डही त्यानेच ठरवलेला असतो. कधी बाप-लेकाच्या दोन फोनवर एकच खातं असतं. अशा वेळी बापाच्या कार्डाचा फोटो लेकाच्या फोनवरही उघडतो, आणि तो फोन दुरुस्तीला दिला की तिथेही.

हे तपासून पाहा. गुगल फोटोज उघडा आणि शोधायच्या जागी `CVV`, `password` किंवा बँकेचं नाव टाका. फोटोमधली अक्षरं अ‍ॅप वाचतं, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा विसरलेला स्क्रीनशॉटही समोर येऊ शकतो. तुम्हाला जे इतक्या सहज सापडतं, ते फोन हातात आलेल्या माणसालाही सापडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा शेतकरी योजनेच्या नावाने येणाऱ्या `.apk` फाइलमधून बसलेल्या अ‍ॅपला फोटोंची परवानगी दिली, तर त्यालाही गॅलरी वाचता येते.

दुसरी चूक म्हणजे "ओटीपीशिवाय पैसे जातच नाहीत" या भरवशावर राहणं. भारतातल्या ऑनलाइन खरेदीला सहसा ओटीपी लागतो, पण परदेशातल्या काही वेबसाइट फक्त कार्ड नंबर, मुदत आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही घेऊन पैसे कापतात. मला त्याहून जास्त भीती बँकेच्या नावाने येणाऱ्या फोन कॉलची वाटते. समोरचा तुमच्या कार्डाचे सोळाच्या सोळा आकडे बरोबर वाचून दाखवतो. मग हा बँकेचाच माणूस, असं वाटतं आणि ओटीपी तोंडातून निघून जातो.

जुन्या ओटीपीचा स्क्रीनशॉट त्या मानाने कमी धोक्याचा, कारण तो काही मिनिटांत बाद होतो. गुगल खातं उघडताना ओटीपीऐवजी टाकता येणारे आठ आकडी बॅकअप कोड मात्र वेगळे. ते वापरेपर्यंत किंवा नवे कोड काढेपर्यंत चालू राहतात. त्यांचा स्क्रीनशॉट ठेवूच नका.

तिसरी चूक डिलीट करताना होते. फोनच्या गॅलरीतून फोटो काढला तरी गुगल फोटोजमधली प्रत राहू शकते. गुगल फोटोजमधून काढला तरी बॅकअप झालेला फोटो तिथल्या ट्रॅशमध्ये (काही फोनवर त्याला बिन म्हणतात) 60 दिवस पडून राहतो. म्हणून आधी गुगल फोटोजमधून काढा, मग ट्रॅश रिकामा करा, आणि शेवटी फोनच्या गॅलरीतलं 'नुकतेच हटवलेले'ही बघा. फोटो ऑनलाइन सेंटरवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला असेल, तर त्याच्या फोनमधली प्रत तुमच्या हातात नाही. तेव्हा बँकेत जाऊन ते कार्ड बंद करून नवं घ्या. नुसता पिन बदलून भागत नाही, कारण कार्डाचा नंबर आणि सीव्हीव्ही तेच राहतात. पासवर्ड पाठवला असेल, तर तो लगेच बदला.

मग ठेवायचं कुठे? कार्ड हरवल्यावर कार्डाचा पूर्ण नंबर सहसा लागत नाही, ते बंद करण्यासाठीचा बँकेचा नंबर लागतो. तो आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे एका वहीत लिहा. पासवर्ड आणि बॅकअप कोडही हातानेच वहीत लिहून कपाटात कुलपात ठेवले तरी चालतं, फक्त ती वही कार्डासोबत पिशवीत नको. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन मात्र वहीतही नको, तो पाठच करा. फोनमध्येच ठेवायचं असेल तर गुगल पासवर्ड मॅनेजर बरा, पण आधी दुकानदाराने ठरवलेला खात्याचा पासवर्ड बदला आणि त्या खात्यात कोणकोणते फोन जोडलेले आहेत ते बघून अनोळखी फोन काढून टाका. बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाचे परदेशी व्यवहार बंद ठेवता येतात. आपल्याला ते लागत नाहीत, तेव्हा बंदच ठेवा.

पैसे गेलेच, तर शाखा उघडायची वाट पाहू नका. बँकेच्या हेल्पलाइनवर कार्ड बंद करा आणि लगेच 1930 वर फोन करा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. पैसे कापल्याचा एसएमएस डिलीट करू नका. रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक त्यातच असतात, आणि तिकडून पहिल्यांदा तेच विचारतात.