खोक्यावर ६५ वॅट, आत १८०: प्रोसेसरसाठी कूलर आणि बोर्ड कसा निवडावा

लॅमिंग्टन रोडवर काउंटरपलीकडचा माणूस हमखास म्हणतो, "पासष्ट वॅटचा तर आहे, बॉक्सचा पंखा पुरे. बोर्ड कुठलाही चालेल." माझ्या मुलुंडच्या मामेभावाला गेल्या जानेवारीत हेच ऐकवलं गेलं. तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याने इंटेल कोर आय७-१२७०० घेतला, सोबत सगळ्यात स्वस्त एच६१० बोर्ड, आणि कूलर म्हणून खोक्यातलाच. मे महिन्यात त्याचा फोन आला: "दादा, एक्सपोर्ट लावला की पहिला अर्धा मिनिट पंखा बोंबलतो आणि मग मशीन एकदम ढिम्म होतं."

बिघाड काहीच नव्हता. घोळ होता त्या ६५ आकड्याचा.

आधी दुसरा आकडा शोधा

खोक्यावरचा ६५ म्हणजे टीडीपी. प्रोसेसर जास्तीत जास्त किती वीज खाईल तो हा आकडा, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. प्रोसेसर आपल्या मूळ वेगाने सतत चालला तर किती उष्णता बाहेर काढावी लागेल, एवढंच तो सांगतो. १२७०० चा मूळ वेग आहे २.१ गिगाहर्ट्‌झ. पण त्या वेगासाठी कोणी तो विकत घेत नाही. सगळे कोअर कामाला लागले की तो चार-साडेचार गिगाहर्ट्‌झवर पळू पाहतो, आणि त्याची किंमत विजेत मोजतो.

बाराव्या पिढीपासून इंटेल दोन्ही आकडे छापतं. उत्पादनाच्या पानावर `Processor Base Power` आणि `Maximum Turbo Power` या दोन ओळी बघा. १२७०० साठी त्या ६५ आणि १८० आहेत. आय५-१२४०० साठी ६५ आणि ११७. म्हणजे खोक्यावर एकच "६५" असलेल्या दोन प्रोसेसरांच्या भुकेत दीडपटीहून जास्त फरक! एएमडीचं गणित सोपं आहे: एएम५ सॉकेटवर टीडीपीला साधारण १.३५ ने गुणा. ६५ चे ८८ होतात, १७० चे २३०.

मग स्वतःचं काम बघा

इंटेलच्या नियमाप्रमाणे १२७०० ला १८० वॅट कायमचे मिळत नाहीत. सरासरीचं एक घड्याळ चालतं, साधारण २८ सेकंदांचं. ते भरलं की बोर्ड त्याला ६५ वर आणून बसवतो. मामेभावाचा "अर्धा मिनिट" तो हाच. ब्राउझर, ऑफिस, फोटोवर एखादा फिल्टर एवढंच काम असेल, तर हे घड्याळ क्वचितच भरतं आणि दुकानदाराचं म्हणणं खरंच ठरतं. एक्सपोर्ट, रेंडर किंवा कोड कंपाइल करण्यासारखं दहा मिनिटांपेक्षा लांब काम असेल, तर मात्र सतत किती वॅट द्यायचे हे तुम्हालाच ठरवावं लागतं. कूलर आणि बोर्ड त्या आकड्यासाठी घ्यायचे.

भावाने काय केलं? कुठलासा व्हिडिओ बघून बायोसमधली मर्यादाच काढून टाकली. काही बोर्डांवर त्या जागी `4096` वॅट दिसतात. घाबरू नका, त्याचा अर्थ "लगाम नाही" एवढाच. लगाम सुटल्यावर खोक्यातला कूलर काही सेकंदांत हरला आणि प्रोसेसर १०० अंशांवर जाऊन अडकला. पाच-सहा मिनिटांनी त्याहून विचित्र प्रकार सुरू झाला: वॅट धपकन पन्नासच्या आसपास यायचे, पुन्हा चढायचे, पुन्हा पडायचे.

ही पडझड बोर्डाची आहे, हे कसं ओळखावं

`HWiNFO64` उघडा आणि सोबत `Cinebench` ची दहा मिनिटांची चाचणी लावा. `CPU Package Power` ही ओळ खरे वॅट दाखवते. मग `IA Limit Reasons` खाली कुठे `Yes` येतं ते बघा. `PL1` समोर आलं तर बायोसची मर्यादा लागली आहे. `Thermal Event` समोर आलं तर कूलर कमी पडतोय. `VR Thermal Alert` समोर आलं तर बोर्ड तापलाय. भावाच्या मशीनवर शेवटच्या दोन्ही ओळी `Yes` होत्या.

बोर्ड का तापतो? पॉवर सप्लायकडून येतात १२ व्होल्ट, प्रोसेसरला हवे असतात साधारण १.२. हे रूपांतर सॉकेटशेजारचे मॉस्फेट करतात, त्यालाच व्हीआरएम म्हणतात. ६५ वॅटला त्यांच्यातून सुमारे ५४ अँपिअर जातात, १८० वॅटला दीडशे. आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे प्रवाह पावणेतीनपट झाला की तिथलं नुकसान जवळपास आठपट होतं. स्वस्त बोर्डावर या मॉस्फेटवर हीटसिंकच नसतो, काळे चौकोन उघडेच बसलेले दिसतात.

इथे एक फसवी जागा आहे. "कूलर बदलला की झालं" म्हणून अशा बोर्डावर उंच टॉवर कूलर बसवला, तर व्हीआरएम आणखी तापू शकतो. खोक्यातला पंखा खाली फुंकतो, त्यामुळे मॉस्फेटना थोडा वारा मिळतो. टॉवरचा वारा आडवा मागे निघून जातो. म्हणून लांब काम असेल तर आधी बोर्ड आणि मग कूलर.

खोलीचं तापमान धरून हिशेब

परीक्षणांतले आकडे बहुतेकदा एसी लावलेल्या, २२-२५ अंशांच्या खोलीतले असतात. मे महिन्यात मुलुंडच्या खोलीत दुपारी ३४ असतं. खोली जितके अंश वर, तितकेच अंश प्रोसेसर वर, हा नियम धरून चाला. (दमटपणाला उगाच दोष देऊ नका, कूलरला त्याने विशेष फरक पडत नाही. हीटसिंकमध्ये साचलेल्या धुळीने पडतो.)

शेवटी आम्ही व्हीआरएमवर दोन्ही बाजूंनी हीटसिंक असलेला बी६६० बोर्ड घेतला, आणि चार हीटपाइपचा, १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर. घेण्याआधी कॅबिनेटमध्ये कूलरला किती उंचीची जागा आहे ते मोजा. असे टॉवर १५५ मिलिमीटरच्या आसपास असतात आणि अरुंद कॅबिनेटची काच मग बंद होत नाही.

मग बायोसमध्ये `Long Duration Power Limit`, म्हणजे सतत द्यायच्या वॅटची मर्यादा, बदलत एकच व्हिडिओ तीनदा एक्सपोर्ट केला. ६५ वॅटला ४५ मिनिटं लागली, १२५ ला ३४, १८० ला ३१. म्हणजे पहिल्या ६० वॅटनी ११ मिनिटं वाचवली आणि पुढच्या ५५ वॅटनी फक्त तीन. शेवटच्या काही मेगाहर्ट्‌झसाठी व्होल्टेज फार चढवावं लागतं, त्याचा हा परिणाम. आम्ही १२५ वर थांबलो. भर दुपारी प्रोसेसर ८० च्या आसपास राहिला आणि `VR Thermal Alert` पूर्णवेळ `No`.

तुम्ही मशीन जानेवारीत जुळवत असाल, तर चाचणीत जे तापमान येईल त्यात दहा अंश मिळवा. बेरीज ९० च्या वर गेली, तर मर्यादा दहा-पंधरा वॅटनी खाली घ्या आणि चाचणी पुन्हा लावा.