रंग आणि मेमरी अ‍ॅड्रेस हेक्साडेसिमलमध्ये लिहिताना या चुका टाळा

लाल २५५, हिरवा ७ आणि निळा १० अशी मूल्ये दिलेला रंग पडद्यावर भडक लाल दिसायला हवा, पण एखाद्या पानावर तो अर्धपारदर्शक पिवळा होऊन अवतरतो आणि ब्राउझर कोणतीही त्रुटी दाखवत नाही. अशा वेळी बहुतेक जण रंगांची मूल्येच पुन्हा पुन्हा तपासत बसतात. दोष मात्र पुढील ओळीत असतो.

```
'#' + r.toString(16) + g.toString(16) + b.toString(16)
```

हेक्साडेसिमलमध्ये २५५ म्हणजे `ff`, ७ म्हणजे `7` आणि १० म्हणजे `a`. ते जोडले की `#ff7a` तयार होते. सीएसएसमध्ये चार अंकांचा रंग ही वैध संक्षिप्त लेखनपद्धत आहे. तिच्यात प्रत्येक अंक दुप्पट केला जातो आणि चौथा अंक पारदर्शकतेचा मानला जातो, म्हणून ब्राउझर त्याचा अर्थ `#ffff77aa` असा लावतो. एकच मूल्य १६ पेक्षा लहान असते तर पाच अंक झाले असते आणि तो रंग अवैध ठरून चूक लवकर उघडकीस आली असती. तिन्ही मूल्ये लहान असतील तर तीन अंकांचा, पुन्हा वैधच, पण मूळ काळपट छटेपेक्षा खूप उजळ रंग मिळतो. म्हणजे ही चूक कधी दिसते, कधी लपते. उपाय असा की प्रत्येक घटकाचे दोन अंक सक्तीने पूर्ण करावेत.

```
r.toString(16).padStart(2, '0')
```

येथे सुरुवातीचे शून्य निरर्थक का नाही, हे कळण्यासाठी चारच्या गटांकडे पाहावे लागते. चार बिटांच्या बरोबर १६ रचना होतात आणि हेक्साडेसिमलमध्ये अंकही `0` पासून `f` पर्यंत १६ असतात, त्यामुळे एक अंक म्हणजे चार बिटांचा एक रकाना आणि आठ बिटांचा बाइट म्हणजे नेमके दोन रकाने. ७ हे मूल्य बाइटमध्ये `0000 0111` असे असते. त्याचे `7` एवढेच लिहिले तर पहिला रकाना नाहीसा होतो आणि पुढचे सगळे अंक एक घर डावीकडे सरकतात. तीन-तीनचे गट करणारी अष्टमान पद्धत येथे अडखळते, कारण आठला तीनने भाग जात नाही. तिच्यात सर्व बिट १ असलेला एक बाइट `377` होतो, पण तसे दोन बाइट एकत्र लिहिले की `177777` येते आणि त्यात मूळचे `377` कुठेच सापडत नाही. हेक्साडेसिमलमध्ये मात्र `ff` आणि `ff` मिळून सरळ `ffff` होते.

दुसरी चूक कागदावर होते. गट नेहमी उजवीकडून पाडायचे असतात, पण वाचनाच्या सवयीने हात डावीकडून सुरू होतो. `1011010110` ही संख्या उजवीकडून तोडली तर `10 1101 0110`, म्हणजे `2d6`, अर्थात ७२६ मिळते, आणि हेच बरोबर आहे. डावीकडून तोडली तर `1011 0101 10` असे गट पडून `b52`, म्हणजे २८९८ येते. अपुरा गट शेवटी उरला असेल तर गट उलटे पडले आहेत, असे खुशाल समजावे. कमी पडणारी शून्ये डावीकडे भरायची असतात.

पारदर्शकतेच्या जागेबद्दल एकच सूचना पुरे: सीएसएस ती शेवटी ठेवते, तर अँड्रॉइडच्या रंगसंसाधनांत ती सुरुवातीला असते. म्हणून तेथला अर्धपारदर्शक लाल `#80ff0000` सीएसएसमध्ये जसाच्या तसा चिकटवला तर शेवटचे `00` त्याला पूर्ण पारदर्शक करते आणि काहीच दिसत नाही.

मेमरी अ‍ॅड्रेसच्या बाबतीत फसगत होते ती अक्षरे नसलेल्या संख्यांमुळे. `0x1018` मध्ये ८ मिळवले की `0x1020` येते. दशमानाच्या सवयीने `0x1026` लिहिणारा सहा बाइट पुढे जाऊन पोहोचतो. `0x101c` असते तर त्यातल्या `c` ने निदान सावध तरी केले असते. रकान्यांची पद्धत अंगवळणी पडली की बेरजेविनाही बरेच कळते. शेवटचा अंक `0` किंवा `8` असेल तर त्या अ‍ॅड्रेसला ८ ने निःशेष भाग जातो. मेमरीच्या ४०९६ बाइटांच्या पानाला १२ बिट, म्हणजे तीन रकाने लागतात, त्यामुळे `0x7ffe1a3c` मधले शेवटचे `a3c` हे पानातले अंतर आणि उरलेले `0x7ffe1` हा पानाचा क्रमांक, हे नुसत्या नजरेने सांगता येते. तोच अ‍ॅड्रेस दशमानात लिहिला तर हे दोन भाग वेगळे करायला भागाकार करावा लागतो.