चेक इंजिन लाइट घालवायला बॅटरी काढताय? या चुका टाळा

डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: दहाचा पाना घे, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढ, अर्धा तास ठेव, दिवा जातो. बऱ्याच गाड्यांत तो जातोही. मग आठवड्याभरात परत येतो, परत पाना निघतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी गाडी गॅरेजला येते. तोपर्यंत आम्हाला उपयोगी पडेल अशी सगळी माहिती पुसलेली असते. या एका सवयीचा मला खरोखर वैताग आला आहे.

कोड न वाचता टर्मिनल काढणं

सगळ्यात मोठी चूक हीच. दिवा लागतो तेव्हा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, फक्त कोड नोंदवत नाही. बिघाड पकडला त्या क्षणाची नोंदही तो सोबत ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्यात गाडीचा वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा लोड, फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त टाकतोय, असे आकडे असतात. कोड सांगतो काय बिघडलं, फ्रीझ फ्रेम सांगते कधी बिघडलं. शोध लागतो तो या 'कधी'वरून. टर्मिनल काढलं की बहुतेक गाड्यांत दोन्ही जातात.

आमच्याकडे एक मुलगा पेट्रोल कार घेऊन आला होता. दिवा लागला की बॅटरी काढायची, हा त्याचा नेम. मध्ये कुणीतरी अंदाजाने सांगितलं म्हणून ऑक्सिजन सेन्सरही बदलून झाला होता. आदल्याच दिवशी बॅटरी काढलेली असल्यामुळे स्कॅनरवर एकही कोड नव्हता, आणि ईसीएमच्या बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसत होत्या. मी म्हटलं, "दिवा लागेपर्यंत चालव, बॅटरीला हात लावू नकोस, लागला की तसाच ये." त्याला ते आवडलं नाही. त्याला त्याच दिवशी निकाल हवा होता. पण गाडीने बोलायलाच नकार दिल्यावर एकेक पार्ट बदलत बसण्याशिवाय दुसरं काय करणार?

काही दिवसांनी दिवा लागलेली गाडी आली. कोड P0171, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. फ्रीझ फ्रेममध्ये वेग शून्य, आरपीएम ८०० च्या आत, कूलंट ९० अंशांच्या आसपास, आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम +२४ टक्के. म्हणजे इंजिन गरम, गाडी सिग्नलला उभी, आणि ईसीएम नेहमीपेक्षा जवळजवळ चौथा हिस्सा जास्त पेट्रोल टाकून मिश्रण सावरतोय. गाडी उभी असतानाच लाइव्ह डेटा लावला आणि आरपीएम २५०० वर धरला, तर ट्रिम +५ वर उतरला.

इथेच निदान झालं. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडून इंजिन नुसतं चालू असताना, हवेची वाट उघडणारा थ्रॉटल जवळपास बंद असतो, त्याच्या पुढे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जोरात असतो. त्यामुळे बारीक भेगेतून शिरलेली चोरटी हवासुद्धा एकूण हवेच्या मानाने खूप ठरते. या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर होता आणि ही हवा त्याला चुकवून आत येत होती. थ्रॉटल उघडला की मोजलेली हवा भरपूर वाढते आणि चोरट्या हवेचा हिस्सा किरकोळ होतो. पेट्रोल पंप कमजोर असता किंवा फिल्टर तुंबला असता, तर उलट झालं असतं, लोड वाढेल तसा ट्रिम चढला असता. मग मी मॅनिफोल्डला जोडलेले रबरी होज एकेक करून दाबून पाहिले. पीसीव्हीचा होज दाबल्यावर आयडल बदलला. त्याच्या वळणाच्या खालच्या बाजूला रबर उष्णतेने कडक होऊन चिरलं होतं, वरून काहीच दिसत नव्हतं. होज बदलला, आणि गाडी चालवून आणल्यावर ट्रिम ±३ मध्ये आला. तो होज ऑक्सिजन सेन्सरच्या मानाने अगदी किरकोळ किमतीचा होता.

म्हणून माझी सवय सांगतो. कोड आणि फ्रीझ फ्रेम आधी वाचायची, मोबाइलवर फोटो काढायचा, मगच पुढचं काम. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लागणारा साधा ब्लूटूथ अडॅप्टर बहुतेक गाड्यांत मोबाइल ॲपवर एवढं दाखवतो. पण त्याच ॲपमधलं 'क्लिअर' बटण दाबलं तर तेही हेच पुसतं. घाई तिथेही नको.

दिवा गेला म्हणजे बिघाड गेला, असं धरणं

दिवा उशिरा परततो म्हणून लोकांना हा उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. बऱ्याच बिघाडांना दोन फेऱ्यांचा नियम असतो. फेरी म्हणजे इंजिन चालू केल्यापासून बंद करेपर्यंतचं चालवणं. पहिल्या फेरीत बिघाड दिसला तर ईसीएम तो पेंडिंग म्हणून लिहून ठेवतो, पुढच्या फेरीत परत दिसला तर दिवा लावतो. शिवाय प्रत्येक चाचणीची वेळ वेगळी. सेन्सरची वायर तुटली असेल तर चावी फिरवल्यावर लगेच कळतं. मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं, आणि मिश्रण यांवर इंजिन चालू असताना सतत लक्ष असतं. पण सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या चाचणीला इंजिन पूर्ण गरम आणि काही वेळ एकसारखा वेग लागतो. शहरातल्या गर्दीत तशी संधी कित्येक दिवस मिळत नाही. त्यामुळे कन्व्हर्टरचा P0420 हा कोड गावाला जाताना हायवेवर परत उगवतो आणि लोक वाटेत भरलेल्या पेट्रोलला दोष देतात.

वरच्या गाडीत आणखी एक गोष्ट होती. बॅटरी काढल्यावर ट्रिम शून्यावर येत असे. भेग तशीच, पण तिची भरपाई मात्र पुसलेली. ईसीएम नव्याने शिकेपर्यंत आयडल वरखाली होई आणि सिग्नलला गाडी बंद पडे. तो मुलगा याला नवीन बिघाड समजत होता.

काही गाड्यांत कोड अशा मेमरीत असतात की बॅटरी रात्रभर काढून ठेवली तरी जात नाहीत. आणि दुरुस्ती खरी झाली असेल तर पुसायची गरजही नसते. त्या बिघाडाची चाचणी सलग तीन फेऱ्यांत पास झाली की दिवा सहसा आपोआप विझतो.

बाकीच्या चुका

दिवा लुकलुकत असेल तर तो जोरदार मिसफायर आहे. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं. बॅटरी काढत बसू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या.

चालू इंजिनवर टर्मिनल कधीही काढू नका. व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड आणि ईसीएम दोन्ही जाऊ शकतात.

दुसऱ्या कामासाठी बॅटरी काढावीच लागली तर निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा. रेडिओला कोड लागतो का, ते त्याआधी पाहा. नंतर एसी बंद ठेवून इंजिन गरम होईपर्यंत आयडलला चालवा, मग थोडा वेळ एसी लावून. घाण साचलेल्या थ्रॉटलशी जुळवून घेतलेलं आयडल पुसलं गेलेलं असतं, ते असं परत बसतं. एका टचने वर जाणाऱ्या खिडक्या आणि एएमटीचा क्लच यांची पद्धत कंपनीनुसार वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये बघा.

जुनी गाडी घेताना दिवा बंद आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका. चावी ऑन केल्यावर तो आधी लागतो का ते पाहा, नंतर स्कॅनरवर Distance since codes cleared हा आकडा वाचा. विकणारा वर्षभर काहीच झालं नाही म्हणत असेल आणि तिथे १२ किलोमीटर दिसत असतील, तर कोड कशासाठी पुसले ते विचारा, आणि चाचण्या पूर्ण होईपर्यंत टोकन देऊ नका.