मॅट्रिक्सची वर्कशीट: आकडेमोडीआधीची तयारी

वर्कशीट हातात आली की लगेच पहिल्या प्रश्नाला भिडू नका. आधी दिलेल्या प्रत्येक मॅट्रिक्सची ऑर्डर तिच्या नावाखाली पेन्सिलने लिहून घ्या, ओळी आधी आणि स्तंभ नंतर. हा क्रम उलटा झाला तर पुढचा प्रत्येक निर्णय चुकतो, म्हणून मोजताना आडव्या ओळींवरून बोट फिरवून पहिला आकडा लिहा आणि मगच उभे स्तंभ मोजा. उदाहरणासाठी या चार मॅट्रिक्स घेऊ:

```
A =  1  2 -1      B =  2  1
     0  3  4          -1  0
                       3  5

C =  4  0  2      D =  1  1
     1 -2  3           0  2
```

A आणि C यांची ऑर्डर 2×3, B ची 3×2 आणि D ची 2×2. A आणि B मध्ये प्रत्येकी सहाच घटक आहेत, पण घटकांची संख्या सारखी असल्याने बेरीज होत नाही. बेरजेला दोन्ही ऑर्डर हुबेहूब सारख्या लागतात, कारण प्रत्येक घटक आपल्याच जागेवरच्या घटकात मिळवायचा असतो. A च्या पहिल्या ओळीतल्या तिसऱ्या जागेला B मध्ये जोडीदारच नाही. म्हणून A + C होते, A + B होत नाही. बेरजेची तपासणी इतकीच, त्यावर जास्त वेळ घालवू नका.

गुणाकाराची अट वेगळी आहे आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. पहिल्या मॅट्रिक्सचे स्तंभ आणि दुसरीच्या ओळी सारख्या हव्यात. दोन्ही ऑर्डर शेजारी शेजारी लिहा, जसे AB साठी 2×3 आणि 3×2. आतले दोन आकडे, 3 आणि 3, जुळले की गुणाकार शक्य. बाहेरचे दोन, 2 आणि 2, ही उत्तराची ऑर्डर. अट अशी का, हे एकदा समजले की ती पाठ करावी लागत नाही. उपाहारगृहात एका टेबलावर किती मिसळ, किती पोहे आणि किती चहा गेले ही झाली एक ओळ. त्या तीन पदार्थांचे दर हा झाला एक स्तंभ. बिल म्हणजे नगाला दराने गुणून केलेली बेरीज. दरपत्रकात दोनच दर असतील तर तिसऱ्या पदार्थाला गुणायचे कशाने? उत्तराचा प्रत्येक घटक असाच तयार होतो, म्हणून आतले आकडे जुळावेच लागतात.

आता सर्वांत फसवी जोडी पाहा: A आणि C. दोन्ही 2×3, त्यामुळे बेरीज सहज होते आणि तीच सवय गुणाकारात शिरते. पुष्कळ विद्यार्थी AC विचारले की समोरासमोरचे घटक गुणून 4, 0, -2 असे लिहीत जातात. तो मॅट्रिक्सचा गुणाकारच नव्हे. इथे आतले आकडे 3 आणि 2 आहेत, म्हणजे AC शक्य नाही. उत्तरात तसे कारणासह लिहा: ‘A चे स्तंभ 3, C च्या ओळी 2, म्हणून AC शक्य नाही.’ तिथे शून्य लिहू नका. शून्य मॅट्रिक्स हे एक खरे उत्तर असते, आणि इथे उत्तरच अस्तित्वात नाही. A² सुद्धा याच कसोटीवर बाद होते. वर्ग फक्त चौरस मॅट्रिक्सचा घेता येतो, म्हणून D² चालेल.

मिश्र प्रश्नात ऑर्डरची साखळी शेवटपर्यंत कागदावर न्या आणि मगच पहिला आकडा गुणा. AB + D घ्या. AB ची ऑर्डर 2×2 येणार, D ची 2×2 आहे, तेव्हा पुढे जायला हरकत नाही. BA + D मध्ये मात्र आधी 3×2 गुणिले 2×3, म्हणजे 3×3 येते. गुणाकार होतो, पण बेरीज अडते. हे आधी पाहिले नाही तर BA चे नऊ घटक काढून झाल्यावर कळते की प्रश्नाचे उत्तर ‘शक्य नाही’ हेच होते. DA + C होते (2×2 गुणिले 2×3, उत्तर 2×3), पण AD + C होत नाही, कारण AD मध्ये आतले आकडे 3 आणि 2 आहेत. अक्षरांचा क्रम म्हणूनच कधीही आपल्या मनाने बदलू नका.

आकडेमोड करताना उत्तराच्या ऑर्डरची रिकामी चौकट आधी आखा. AB साठी दोन ओळी आणि दोन स्तंभ. मग A ची पहिली ओळ आणि B चा पहिला स्तंभ: 1×2 + 2×(-1) + (-1)×3 = -3. तीनही गुणाकार चिन्हांसह लिहून काढा. ऋण चिन्ह मनातल्या मनात हाताळताना सुटते, विशेषतः (-1)×3 सारख्या शेवटच्या पदात. बाकीचे घटक याच रीतीने काढले की असे मिळते:

```
AB = -3 -4      AB + D = -2 -3
      9 20                9 22
```

आता पडताळा. संपूर्ण गुणाकार पुन्हा करण्याची गरज नाही, कारण तीच चूक पुन्हा होण्याचा संभव असतो. B च्या प्रत्येक ओळीची बेरीज काढा: 3, -1, 8. हा स्तंभ समजून त्याला A ने गुणा. पहिल्या ओळीतून 3 - 2 - 8 = -7, दुसऱ्या ओळीतून 0 - 3 + 32 = 29. AB च्या ओळींची बेरीजही -3 - 4 = -7 आणि 9 + 20 = 29 यायला हवी, आणि तशी ती येते. जुळले नाही तर कोणत्या ओळीत चूक आहे तेही लगेच दिसते. ही तपासणी मला फार मोलाची वाटते, कारण ती चौरस नसलेल्या उत्तरांनाही चालते. तिची मर्यादा एवढीच की एकाच ओळीत दोन चुका झाल्या आणि त्यांनी एकमेकींना खोडले, किंवा ओळीतल्या दोन घटकांची अदलाबदल झाली, तर ती पकडली जात नाही.

वर्कशीटवर AB आणि BA दोन्ही विचारले असतील तर आणखी एक पडताळा मिळतो. BA असे येते:

```
BA =  2  7  2
     -1 -2  1
      3 21 17
```

एक 2×2, दुसरी 3×3, तेव्हा दोन्ही समान असण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही दोघींच्या मुख्य कर्णाची बेरीज सारखीच असते: AB मध्ये -3 + 20 = 17 आणि BA मध्ये 2 - 2 + 17 = 17. दोन्ही गुणाकार शक्य असले की हे नेहमी घडते. फक्त यावरून कर्णावरच्या घटकांचीच खात्री होते, बाहेरचे घटक चुकले असतील तर ते कळत नाहीत.

राहिला वितरणाचा प्रश्न: (A + C)B = AB + CB दाखवा. आधी ऑर्डर पाहा. A + C येते 2×3, तिला B ने गुणले की 2×2. उजवीकडे AB आणि CB दोन्ही 2×2. मग गुणा. A + C च्या ओळी 5, 2, 1 आणि 1, 1, 7. गुणाकारातून 11, 10 आणि 22, 36. उजवीकडे CB च्या ओळी 14, 14 आणि 13, 16. त्यात AB मिळवले की तेच आकडे. इथे B उजवीकडेच राहिला पाहिजे. घाईत B(A + C) लिहिले तर ऑर्डर 3×3 होते, आणि चौकट आधी आखलेली असेल तर पहिला आकडा लिहिण्यापूर्वीच ती चूक लक्षात येते.