थिंक-पेअर-शेअर: गलबला होतो, पण अर्धा वर्ग गप्पच राहतो? या चुका टाळा

आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग वर्गापुढे मांडणी. मेरीलँड विद्यापीठाच्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही रीत ऐकायला सोपी वाटते, पण अठ्ठेचाळीस मुलांच्या वर्गात ती बऱ्याचदा फसते. कुठे फसते ते सातवीच्या विज्ञानाच्या एका तासावरून बघू. विषय गोव्यातल्या खाजन शेतीचा, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या जमिनीला बांध घालून केलेल्या शेतीचा, आणि मानशीचा, म्हणजे बांधात पाण्यासाठी ठेवलेल्या दारबंद वाटेचा.

पहिली गफलत प्रश्नातच होते. ‘मानस म्हणजे काय?’ असं विचारलं की एक मूल उत्तर सांगतं आणि दुसरं ‘हो’ म्हणतं. जोडी बनवण्यासारखं त्यात काही नसतं. त्याऐवजी असं विचारा: ‘जोराचा पाऊस चालू आहे आणि त्याच वेळी नदीला भरती आली. बांधाच्या आतल्या शेताचं काय होईल?’ मानशीचं दार नदीच्या बाजूलाच उघडतं. भरतीला नदीचं पाणी ते दाबून बंद करतं आणि ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून उघडतं. म्हणजे भरतीच्या वेळी खारं पाणी आत येणार नाही, पण पावसाचं पाणीही बाहेर जाणार नाही. ते ओहोटीपर्यंत शेतात साचेल. काही मुलं ठामपणे सांगतात की नदीच आत शिरेल. असे मतभेद होतात तेव्हाच जोडीत खरं बोलणं होतं.

सगळ्यात महागात पडते ती विचाराच्या मिनिटाला दिलेली काट. वेळ कमी आहे म्हणून थेट ‘बोला जोडीत’ म्हटलं की चटपटीत मूल लगेच सुरू होतं आणि शेजारचं मूल नुसतं ऐकत बसतं. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतली संभाषणं तपासली तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प मुलंही बोलू लागतात. इथे तर पूर्ण मिनिट द्या, पण रिकामं नको. प्रत्येकाने वहीत एक ओळ लिहायची किंवा दाराचं चित्र काढून पाण्याच्या दाबाचे बाण दाखवायचे. लिहून झाल्यावर ‘मला काय म्हणायचंय ते माहीत नाही’ ही पळवाट उरत नाही. मिनिटभर फिरा आणि वह्या बघा. कुणाचं उत्तर वेगळं आहे ते तेव्हाच टिपून ठेवा.

आता जोडी. ‘एकमेकांशी बोला’ ही सूचना अपुरी आहे. आधी कोण, किती वेळ, हे सांगावं लागतं: ‘खिडकीकडचा पंचेचाळीस सेकंद बोलेल, दाराकडचा ऐकेल. मी टाळी वाजवली की उलट.’ बाकावर तिघं असतील तर मधल्याला इकडेतिकडे फिरायला लावू नका. तिघांचाच गट करा आणि प्रत्येकाला तीस सेकंद द्या. दोन्हीकडे नव्वद सेकंदच होतात, त्यामुळे वर्ग एकाच वेळी थांबतो.

खरंच दोघे बोलले का, हे गोंगाटावरून कळत नाही. एका मुलाला विचारा, ‘तुझा जोडीदार काय म्हणाला?’ ‘तोपण तेच म्हणाला’ असं उत्तर आलं तर बहुतेक एकच बोललाय.

गोव्यात आणखी एक अडचण असते. पाचवीपासून बहुतेक शाळांत माध्यम इंग्रजी होतं, आणि जोडीत इंग्रजीतच बोला असा आग्रह धरला की कोकणी-मराठीत बडबडणारी मुलं मुकी होतात. जोडीतलं बोलणं घरच्या भाषेत होऊ द्या. मांडणीआधी फळ्यावर इंग्रजी वाक्याची सुरुवात लिहून द्या आणि उरलेलं मुलांना पुरं करू द्या. भाषेची अट थोडी उशिरा लावली की विचार आधी तोंडातून बाहेर पडतो.

शेवटचा टप्पा हात वर करणाऱ्यांच्या ताब्यात गेला तर आधीची मेहनत वाया जाते. चोवीस जोड्यांना अर्धा-अर्धा मिनिट दिलं तर बारा मिनिटं जातील, आणि ते परवडत नाही. तीन-चार जोड्या पुरे, पण निवड चिठ्ठीने किंवा हजेरीच्या क्रमांकाने करा आणि मुलाला जोडीदाराचं मत सांगायला लावा. असं होणार हे आधीच सांगून ठेवलंत तर ऐकणारे खरोखर ऐकतात. पहिल्या उत्तराला लगेच ‘बरोबर!’ म्हणू नका. ‘नदी आत शिरेल’ आणि ‘पाऊस साचेल’ ही दोन्ही मतं फळ्यावर लिहा, कोण कुठल्या बाजूला ते हात वर करून मोजा, आणि मगच दाराचं चित्र काढायला घ्या.

विचार, जोडी, मांडणी मिळून सात-आठ मिनिटं लागतात, म्हणून एका तासात हे एकदाच करा, आणि तेही धड्यातल्या अडखळायच्या जागी.