फोटोतल्या ऑर्डरचं अरबी भाषांतर करताना या चुका टाळा

स्टेशनरीच्या एका दुकानदाराला गिऱ्हाइकाने हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो पाठवला: वह्या १५, पेन ४०, खोडरबर २४, फाइली ८. खाली रेघ मारून लिहिलं होतं, एकूण ८७ नग. गोदामातला माणूस अरबीच वाचतो, म्हणून दुकानदाराने फोनच्या कॅमेऱ्यातून यादीचं अरबी भाषांतर केलं. वह्यांपुढे आकडा आला ٩٥.

पहिली चूक इथेच होते. आपण फोटो आणि भाषांतर शेजारी ठेवून नुसती नजर फिरवतो. देवनागरी १ आणि अरबी ٩ दोघांनाही वर गोल डोकं आणि खाली शेपूट, त्यामुळे सगळं जुळल्यासारखं वाटतं. पण ٩ म्हणजे नऊ. त्यात अरबी पाच, ٥, हुबेहूब आपल्या शून्यासारखा आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका, ٠. आकाराची जुळवाजुळव करू नका. अरबी आकडा तोंडाने वाचा, मग फोटोतला वाचा. (आकडा अरबीतही डावीकडूनच वाचतात, बाकी ओळ उजवीकडून असली तरी.)

आपला दुकानदारही नजरेने फसलाच होता. त्याला वाचवलं बेरजेने. अरबी यादीतले आकडे मिळवले तर ९५, ४०, २४, ८ मिळून १६७ झाले. गिऱ्हाइकाची बेरीज ८७. फरक ८० चा.

हा फरक बोलका असतो. एकाच्या जागी नऊ वाचला गेला, तर एकम स्थानी ८ चा फरक पडतो, दशम स्थानी ८० चा. म्हणजे दशम स्थानी नऊ असलेली ओळ शोधायची, आणि तशी एकच होती, वह्यांची. फोटो मोठा करून पाहिलं तर वहीची छापील रेघ एकाच्या शेपटीतून गेली होती, आणि कॅमेऱ्याने त्याला इंग्रजी 9 समजलं होतं. गिऱ्हाईक इंग्रजी आकडे लिहीत असेल, तर १ आणि ७ ची गफलत जास्त, तिथे फरक ६ किंवा ६० चा येतो.

दुसरी चूक म्हणजे गिऱ्हाइकाची 'एकूण'ची ओळ भाषांतरातून घेणं. तीही चुकीची वाचली गेली असू शकते, म्हणून ती मूळ फोटोतूनच घ्या. आणि बेरीज जुळली तरी डझन आणि नग यांतली गफलत तिला कळत नाही, ते वेगळं तपासावं लागतं.

फोटो तिरका किंवा सावलीतला असेल, तर भाषांतर पुन्हापुन्हा करून काही हाती लागत नाही. सरळ वरून, उजेडात काढलेला नवा फोटो मागवा. यादीत बेरीजच नसेल, तर शंका असलेली ओळ कापून गिऱ्हाइकाला पाठवा आणि आकडा अक्षरात मागा. आपला दुकानदार तेच करून थांबला. "पंधरा" असं उत्तर आलं, तेव्हा यादी गोदामात गेली.